सूक्ष्मनलिका : पेशीतील वाहतूक आणि विभाजनाचा तर्कू

सूक्ष्मनलिका म्हणजे ट्युब्युलिन या प्रथिनाची सुमारे २५ नॅनोमीटर व्यासाची पोकळ नळी. अल्फा आणि बीटा या दोन ट्युब्युलिनांची जोडी हा तिचा एकक. ही जोडी ८ नॅनोमीटर लांब असते. जोड्या एकापुढे एक लागून धागा होतो आणि असे साधारण १३ धागे कडेला कडा लावून नळी बनते. सगळ्या जोड्यांचे तोंड एकाच दिशेला असल्याने नळीची दोन टोके वेगळी ठरतात. ज्या टोकाला बीटा उघडा असतो ते धन टोक, दुसरे ऋण टोक. धन टोक झपाट्याने वाढते आणि तितक्याच झपाट्याने विरघळतेही. बहुतेक प्राणिपेशींत ऋण टोके केंद्रकाजवळच्या तारककायाशी, म्हणजे नळ्या जिथून निघतात त्या जागेशी, तर धन टोके पेशीच्या कडेकडे असतात. पेशीतील दिशेचे ज्ञान यातूनच येते. या नळ्यांच्या रुळांवरून माल वाहणाऱ्या मोटार प्रथिनांपैकी कायनेसिन कुळातील बहुतेक प्रथिने धन टोकाकडे आणि डायनीन ऋण टोकाकडे चालते.

या वाहतुकीची गरज चेतापेशीत सर्वांत तीव्र असते. पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब असतो आणि त्याच्या टोकाला लागणारी बहुतेक प्रथिने कण्याजवळच्या पेशीकायेत तयार होतात. १०० नॅनोमीटरची पिशवी नुसत्या विसरणाने एवढे अंतर कापू लागली, तर हजारो वर्षे लागतील. प्रत्यक्षात सर्वांत वेगवान वाहतूक दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत पोहोचते, म्हणजे अडीच दिवसांत माल टोकाला. हा माल नेणारे प्रथिन १९८५ मध्ये रॉन व्हेल, थॉमस रीझ आणि मायकेल शीट्झ यांनी माकुलाच्या जाड अक्षतंतूतून वेगळे केले आणि त्याला कायनेसिन हे नाव दिले.

कायनेसिनला दोन 'डोकी' असतात आणि ती आळीपाळीने नळीला धरतात. मागचे डोके पेशीचे इंधन असलेल्या एटीपीचा एक रेणू खर्चून सुटते, पुढच्याला ओलांडून जाते आणि पुढच्या जोडीवर बसते. दर पावलाला प्रथिन ८ नॅनोमीटर, म्हणजे बरोबर एका ट्युब्युलिन जोडीइतके सरकते. एटीपी भरपूर असेल तर सेकंदाला सुमारे १०० पावले पडतात. पण शंभरेक पावलांनंतर, साधारण एका मायक्रोमीटरवर, एकटे कायनेसिन नळी सोडून देते. म्हणून पिशवीवर सहसा एकापेक्षा जास्त मोटार प्रथिने असतात. एक सुटले तरी दुसरे धरून ठेवते.

डायनीनचा स्वभाव निराळा आहे. त्याचे संकुल कायनेसिनपेक्षा कितीतरी मोठे असते. सस्तन प्राण्यांत ते डायनॅक्टिन आणि मालाशी जोडणारे एखादे प्रथिन यांच्या साथीशिवाय दूर चालत नाही. त्याची पावलेही एकसारखी नसतात. ओझे नसताना ते २४ ते ३२ नॅनोमीटरची लांब ढांग टाकते आणि ओझे वाढले की पाऊल ८ नॅनोमीटरपर्यंत आखडते. २००४ मध्ये हे दाखवणाऱ्या चमूतील रूप मल्लिक यांनी पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत लेसरने सूक्ष्म वस्तू धरणाऱ्या प्रकाशीय चिमट्याने जिवंत पेशींतील भक्षित कणांच्या पिशव्या पकडून बळ मोजले. एकेकटे दुबळे असलेले डायनीन गटाने ओढताना भार आपसांत वाटून घेतात आणि मोठे ओझे हलवतात, असे त्यात दिसले. पिशवीच्या पटलावरील कोलेस्टेरॉलयुक्त ठिपक्यांत डायनीन गोळा झाले की पिशवी पाचक लयकायांकडे वेगाने जाते. संसर्गाशी लढणाऱ्या पेशीचे काम असे मोटारींच्या नुसत्या संख्येवर नव्हे, तर त्यांच्या जागेवरही अवलंबून असते.

सूत्री विभाजनात

येथवर रूळ स्थिर होते आणि माल चालत होता. विभाजनाच्या वेळी रूळच हलू लागतात, आणि या विषयातला सर्वांत विलक्षण भाग हाच आहे. पूर्वावस्थेत सूक्ष्मनलिकांचे आयुष्य काही मिनिटांवरून मिनिटाच्याही आत येते. गुणसूत्रे वाटून देणारी नळ्यांची चौकट म्हणजे तर्कू. त्यात दोन तारककायांपासून निघालेल्या नळ्या मधे एकमेकींना उलट दिशांनी छेदतात. तेथे कायनेसिन-५ हे चार डोक्यांचे प्रथिन दोन-दोन डोक्यांनी दोन नळ्या धरते. दोन्हींवर ते धन टोकाकडेच चालते, त्यामुळे नळ्या परस्परांवरून घसरतात आणि ध्रुव, म्हणजे तर्कूची दोन टोके, दूर ढकलले जातात. मोनॅस्ट्रॉल हे द्रव्य त्याला थांबवते. मग तारककाय वेगळे होत नाहीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकाच ध्रुवाभोवती गुणसूत्रांचे कडे दिसते.

केंद्रकपटल फुटल्यावर नळ्या सर्व दिशांना वाढतात, विरघळतात, पुन्हा वाढतात, आणि त्यांतली एखादी गुणसूत्राच्या कायनेटोकोरला, म्हणजे नळी पकडणाऱ्या प्रथिनांच्या जागेला, लागते. पहिला स्पर्श बहुधा नळीच्या कडेला होतो. मग कायनेटोकोरवरचे डायनीन त्या गुणसूत्राला ध्रुवाकडे ओढून नेते. ध्रुवाजवळ अडकलेल्या गुणसूत्राला सेंप-ई हे कायनेसिन दुसऱ्या नळीवरून पुन्हा मध्याकडे आणते. शेवटी एनडीसी-८० या प्रथिनसंकुलाने कायनेटोकोर नळीच्या धन टोकाला घट्ट जोडला जातो.

ही जोडणी बऱ्याचदा चुकते. दोन्ही भगिनी अर्धगुणसूत्रे एकाच ध्रुवाला बांधली गेली तर दोन्ही बाजूंनी ताण येत नाही. ताण नसला की ऑरोरा-बी हे विकर कायनेटोकोरची पकड सैल करते आणि नळी सुटते. पेशीशास्त्रज्ञ ब्रूस निकलास यांनी नाकतोड्याच्या वृषणपेशींत अतिसूक्ष्म सुईने गुणसूत्र ओढून धरले, तेव्हा एरवी सुटणारी चुकीची जोडणीही टिकून राहिली. जोडणी बरोबर आहे की नाही हे पेशी ताणावरून ओळखते, याचा इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो. मात्र एकच कायनेटोकोर दोन्ही ध्रुवांना बांधला गेला, तर ताण असतो, नळ्याही जोडलेल्या असतात आणि पेशीची तपासणी फसते. पश्चावस्थेत, म्हणजे भगिनी अलग होऊन ध्रुवांकडे जाताना, असे अर्धगुणसूत्र दोन गटांच्या मधे रेंगाळताना दिसते आणि कन्यापेशींत गुणसूत्रांची संख्या चुकू शकते.

पश्चावस्थेत सेपरेज विकर भगिनींना बांधणारे कोहेसिन कापते आणि त्या विरुद्ध ध्रुवांकडे निघतात. त्यांचा वेग मिनिटाला एक-दोन मायक्रोमीटर असतो. एकटे कायनेसिन तेवढ्याच वेळात सुमारे ५० मायक्रोमीटर जाते. येथे वेग ठरतो तो नळी विरघळण्यावर. ट्युब्युलिन जोडले जाताना त्यावर जीटीपी हा एटीपीसारखाच ऊर्जा देणारा रेणू असतो, त्याचे विघटन झाले की धागे बाहेर वाकू पाहतात, पण भिंतीत अडकलेले राहतात. टोक सुटले की ते वळून उलगडतात, आणि त्यांना धरून असलेला कायनेटोकोर मागे ओढला जातो. डग्लस कोशलंड, टिमोथी मिचिसन आणि मार्क किर्शनर यांनी १९८८ मध्ये एटीपीशिवायही, नुसत्या विरघळणाऱ्या नळ्यांसोबत गुणसूत्रे सरकतात, असे परीक्षानळीत दाखवले. यात ताकदही भरपूर असते. निकलास यांना नाकतोड्याचे एक गुणसूत्र थोपवायला सुमारे ७०० पिकोन्यूटन बळ लागले होते, तर एकटे कायनेसिन ५-६ पिकोन्यूटनलाच अडते.

औषधे

अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारी व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ट्युब्युलिनला चिकटून नळ्या वाढू देत नाहीत. टॅक्सॉल उलट त्यांना विरघळू देत नाही. परिणाम एकच होतो, तर्कू नीट बनत नाही आणि विभाजन थांबते. म्हणून ही औषधे कर्करोगावर चालतात. पण चेतापेशी विभाजन करत नसल्या तरी त्यांचे रूळही याच नळ्यांचे असतात. उपचारादरम्यान हातापायांना मुंग्या येणे, बधिरपणा येणे हे त्याचे फळ. सर्वांत लांब अक्षतंतूंना फटका आधी बसतो, म्हणून तक्रार बहुधा बोटांपासून सुरू होते. केवळ तर्कूला लागणाऱ्या कायनेसिन-५ ला लक्ष्य केले तर चेतातंतू वाचतील, या विचाराने इस्पिनेसिबसारखी औषधे रुग्णांवर तपासली गेली. चेतातंतूंचा त्रास खरोखरच कमी आढळला, पण गाठींवरचा परिणाम तोकडा पडला. त्याचे एक कारण असे, की कायनेसिन-५ बंद पडल्यावर काही कर्कपेशींत कायनेसिन-१२ त्याच्या जागी ध्रुव दूर ठेवण्याचे काम करू लागते.