दिव्याखाली ठेवूनही बिलिरुबिन वाढत राहते तेव्हा

बालरोगशास्त्राच्या परीक्षेत नवजात कावीळीचा प्रश्न आला की बहुतेक विद्यार्थी आधी बिलिरुबिनचा आकडा शोधतात. आकडा महत्त्वाचा असतोच, पण त्याच्या शेजारी बाळाचे वय तासांत लिहिलेले नसेल तर त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. १२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर हे बिलिरुबिन पूर्ण दिवसांच्या, चांगले दूध पिणाऱ्या बाळात चौथ्या दिवशी सहसा फक्त लक्ष ठेवण्यापुरते असते; तेच बाराव्या तासाला आढळले तर ते धोक्याचे असते.

याचे कारण शरीरक्रियेत आहे. नवजात बाळाच्या तांबड्या पेशी मोठ्यांच्या पेशींपेक्षा लवकर फुटतात, आणि त्यांतून निघणाऱ्या बिलिरुबिनला पाण्यात विरघळण्याजोगे रूप देणारे यकृतातील विकर पहिले काही दिवस मंद असते. त्यामुळे येणारी नेहमीची कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते आणि पुढे ओसरते. पहिल्या २४ तासांतच दिसणारी कावीळ या हिशेबात बसत नाही. तेव्हा पेशी अवाजवी वेगाने फुटत असल्याचा संशय आधी घ्यायचा असतो.

परीक्षेत येणारे एक उदाहरण घेऊ. आई आरएच निगेटिव्ह, दुसरी खेप, पहिल्या बाळंतपणानंतर अँटी-डी इंजेक्शन दिलेले नाही. बाळ ३८ आठवड्यांचे, ३ किलोचे, आरएच पॉझिटिव्ह आणि डायरेक्ट कूम्ब्स चाचणी पॉझिटिव्ह, म्हणजे आईची प्रतिपिंडे बाळाच्या पेशींना चिकटलेली आहेत. नाळेच्या रक्तात बिलिरुबिन ४.२ आणि हिमोग्लोबिन १२.५ आहे. नाळेतील बिलिरुबिन ५ च्या वर किंवा हिमोग्लोबिन १० च्या खाली असते, तर पारंपरिक निकषांनुसार रक्तबदलाचा विचार जन्मतःच करावा लागला असता. इथे तशी वेळ आलेली नाही. सहाव्या तासाला बिलिरुबिन ८ झाले आणि तीव्र फोटोथेरपी सुरू केली. बाराव्या तासाला ते १२.२ आहे. आता काय करायचे?

फोटोथेरपीचा निळा प्रकाश, साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा, त्वचेतल्या बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो, आणि बदललेला रेणू यकृताच्या प्रक्रियेविना पित्तातून व लघवीतून बाहेर पडू शकतो. मात्र पेशी फुटण्याचे काम प्रकाशामुळे थांबत नाही. आपल्या बाळात दिवे लागलेले असूनही बिलिरुबिन सहा तासांत ४.२ ने, म्हणजे ताशी ०.७ ने वाढले. फोटोथेरपी चालू असताना ताशी ०.५ पेक्षा जास्त वाढ हा रक्तबदलाचा जुना आणि आजही शिकवला जाणारा संकेत आहे. हाच वेग राहिला तर चोविसाव्या तासाला आकडा २०.६ होईल, आणि रक्तपेशी फुटण्याचा आजार असलेल्या अशा बाळासाठी त्या वयातली रक्तबदलाची रेषा त्याच्या खाली असते. म्हणून दिवे चालू ठेवून, रक्तपेढीला ताबडतोब कळवून रक्तबदलाची तयारी करायची. रेषा ओलांडली जाण्याची वाट पाहिली, तर रक्त मिळेपर्यंतचे तास हातचे जातात.

इथे सर्वसाधारण चूक एकूण बिलिरुबिनमधून डायरेक्ट भाग वजा करून आकडा लहान करण्याची असते. तक्ते एकूण आकड्यावरच वाचायचे. दुसरी चूक त्वचेच्या रंगावर विसंबण्याची, कारण प्रकाशाखालच्या बाळाची त्वचा फिकट होते, रक्तातील पातळी मात्र वरच राहू शकते. आणि बाळ सुस्त झाले, चोखेनासे झाले, पाठ कमानीसारखी ताणू लागले किंवा कर्कश रडू लागले, तर मेंदूला इजा होत असल्याचे मानून आकडा कितीही असला तरी रक्तबदल करायचा.

रक्त किती घ्यायचे? रक्ताचे आकारमान किलोला ८० मिलिलिटर धरले तर दुप्पट आकारमान ३ × ८० × २ = ४८० मिलिलिटर होते. नाभीशिरेतून एका वेळी १५ मिलिलिटर काढून तितकेच नवे द्यायचे. प्रत्येक खेपेला थोडे नवे रक्तही परत बाहेर येते, त्यामुळे एका आकारमानाने सुमारे ६३ टक्के आणि दोन आकारमानांनी सुमारे ८६ टक्के जुन्या पेशी बदलतात. तिसऱ्याने फारसे हाती लागत नाही. रक्तगट ओ, आरएच निगेटिव्ह आणि आईच्या रक्ताशी जुळवलेला हवा, कारण बाळात फिरणारी प्रतिपिंडे आईची आहेत. बाळाच्याच गटाच्या आरएच पॉझिटिव्ह पेशी दिल्या तर त्याही फुटतील.

पेशी ८६ टक्के बदलूनही बिलिरुबिन मात्र जेमतेम निम्म्यावर येते. बरेचसे बिलिरुबिन रक्तवाहिन्यांच्या बाहेर, ऊतींत मुरलेले असते आणि पुढच्या काही तासांत ते रक्तात परत उतरते. त्यामुळे प्रक्रियेनंतर फोटोथेरपी सुरूच राहते, दर काही तासांनी तपासणी होते, आणि साठवणीच्या रक्तातील सायट्रेटमुळे उतरणारे कॅल्शियम व घसरणारे प्लेटलेट यांच्यावर नजर ठेवावी लागते. गरज पडल्यास रक्तबदल पुन्हा करावा लागतो. पण प्रतिपिंडांनी माखलेल्या, फुटण्याच्या बेतात असलेल्या बहुतेक पेशी एव्हाना बाहेर गेलेल्या असतात, आणि ताशी ०.७ चा वेग मोडतो तो त्यामुळेच.