तीन पाती, एकच जागा

दिवाळीची साफसफाई उरकल्यावर चार दिवसांनी ताईचा फोन आला. हॉलमधला पंखा तीनवर डुलतो आणि पाचवर टाकला की वरून ‘खटखट’ आवाज येतो, म्हणाली. पाठोपाठ फोटोही आला, सोफ्यावर बसून खालून काढलेला, तोही पंखा फिरत असताना. त्यात पाती कोयत्यासारखी वाकडी दिसत होती. ती तशी नव्हतीच. मोबाइलचा कॅमेरा सगळं चित्र एका क्षणात टिपत नाही, एकेक ओळ टिपत जातो, आणि तेवढ्या वेळात पातं पुढे सरकलेलं असतं. फिरत्या पंख्याच्या फोटोवरून पातं वाकलंय असं कधीच ठरवू नये.

मी तिला आधी मेन स्विच बंद करायला सांगितला. मग भाच्याला घट्ट स्टुलावर चढवून वरच्या वाटीचा स्क्रू सैल करायला आणि वाटी दांड्यावरून खाली सरकवायला लावली. ही वाटी नुसतं झाकण आहे, पंख्याचं वजन ती पेलत नाही. वजन असतं हुकावर, आणि हुकात अडकलेल्या शॅकलवर, म्हणजे दांड्याच्या वरच्या टोकाच्या यू आकाराच्या कडीवर. म्हणून पहिला फोटो तिथला हवा. रबरी गिट्टी शाबूत आहे का, बोल्टच्या टोकाला स्प्लिट पिन आहे का आणि तिचे दोन्ही पाय फाकवलेले आहेत का, हे त्यात दिसतं. रबराची काळी भुकटी पडलेली असेल किंवा पिनच नसेल, तर बाकीची तपासणी तिथेच थांबवायची आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत पंखा लावायचा नाही. ताईकडे दोन्ही ठीक होतं.

त्याच फोटोत खटखटीचं कारणही सापडलं. वाटीच्या कडेजवळ दांड्याचा रंग उडून चकचकीत, ताजा चरा पडला होता. वाटीचा स्क्रू आधीपासूनच ढिला होता, त्यामुळे पंखा डुलला की वाटी दांड्यावर आपटत होती. म्हणजे आवाज हा डुलण्याचा परिणाम होता, मूळ दुखणं खाली पात्यांत होतं.

पात्यांचा फोटो काढायची एक रीत आहे आणि मला ती फार आवडते. फोन पात्याच्या उंचीवर, एकाच ठिकाणी धरायचा आणि वरचं छतही फ्रेममध्ये घ्यायचं. फोन जागचा हलवायचा नाही. हाताने पंखा फिरवत एकेका पात्याचं टोक त्याच जागी आणायचं, ताईने कपाटाच्या कोपऱ्यासमोर आणलं, आणि तीन फोटो घ्यायचे. जागा एकच ठेवण्याला कारण आहे. दांडा कलला असेल किंवा छत उतरतं असेल, तरी त्या एका जागी तिन्ही टोकं सारख्याच उंचीवरून जातात. तिथेही उंची वेगळी आली, तर दोष त्या पात्याचाच. उलट एका जागी तिन्ही सारखी आणि समोरच्या बाजूला तिन्ही सारखीच वर किंवा खाली दिसली, तर दांड्याकडे बघायचं.

ताईच्या फोटोंत तिसरं पातं वर होतं. भाच्याने पट्टी लावून छतापासूनचं अंतर मोजलं: ६१.२, ६१.०, ५९.९ सेंटीमीटर. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालून जातो, सेंटीमीटरभर चालत नाही. साफ करताना पात्याला खालून रेटा देऊन पुसलं गेलं, त्यात पात्याची लोखंडी पट्टी मोटरजवळ वाकली होती. अशी पट्टी वाकते तेव्हा पातं बहुधा थोडं पिळतंही. मग दोन पाती जेवढी हवा ढकलतात, तेवढी तिसरं ढकलत नाही आणि पंख्याला प्रत्येक फेरीत एकाच बाजूला झोल बसतो.

वजनाचा फरकही असाच छळतो. १२०० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला साधारण ३४० फेरे घेतो. त्या वेगात एका पात्याच्या टोकाला पाच ग्रॅम जास्त असले, तर ते बाहेरच्या दिशेने जवळपास चारशे ग्रॅम वजनाइतकी ओढ लावतात, आणि ही ओढ सेकंदाला पाच-सहा वेळा दिशा बदलत फिरते. म्हणून एकच पातं मोडलं तरी दुसऱ्या पंख्याचं आणून बसवू नये. कारखान्यात तिन्ही पाती वजन जुळवून एका संचात दिलेली असतात.

भाच्याने तिसरं पातं काढलं, शेजारच्या पात्यासोबत फरशीवर ठेवून ताडलं आणि पट्टी हळूहळू दाबत मूळ वळणावर आणली. परत बसवून मोजलं तेव्हा फरक दोन मिलिमीटर राहिला. वाटी वर सरकवून तिचा स्क्रू घट्ट केला. डुलणं थांबलं, खटखटही गेली.

दोन नंबरवर मात्र बारीक गुणगुण ऐकू येत होती. ती फोटोत दिसायची नाही. मी म्हटलं, “पंखा बंद कर आणि तो आपोआप थांबेपर्यंत कान दे.” पंखा फिरत असतानाही आवाज चालू राहिला, तर बेअरिंग किंवा काहीतरी घासतंय. बटण दाबताक्षणी गेला, तर तो विजेचा, आणि तो फक्त कमी वेगावरच येत असेल तर बहुधा रेग्युलेटरमुळे. ताईचा आवाज बटणासरशी गेला. पाचवर, जिथे रेग्युलेटर वीज अडवत नाही, तिथे तो येतच नव्हता.