शाळेच्या डेटाबेसची ईआर आकृती

शाळेत कोण शिकतं, कोण शिकवतं आणि काय शिकवलं जातं याची माहिती कुठल्या टेबलांत बसवायची हे ठरवण्याआधी काढायचा आराखडा म्हणजे ईआर, अर्थात एंटिटी-रिलेशनशिप आकृती. विद्यार्थी, शिक्षक आणि विषय (कॉलेजात कोर्स म्हणतात) या तीन एंटिटी चौकटीत येतात, त्यांच्यातलं नातं चौकोनी हिऱ्यात आणि नाव, जन्मतारीख वगैरे ऍट्रिब्यूट लंबगोलात. सातारा-सांगलीकडच्या बीसीए, बीसीएसच्या वर्गात डीबीएमएसच्या प्रॅक्टिकलला हाच नमुना हमखास येतो, त्यामुळे चिन्हांची ओळख इथे लांबवत नाही.

पद्धत नक्की कुणाची यावर थोडं मतभेदाला जागा आहे. सहसा श्रेय पीटर चेन यांना देतात, त्यांनी हे मॉडेल १९७५ साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या परिषदेत मांडलं आणि मार्च १९७६ मध्ये एसीएम या संगणक क्षेत्रातल्या संस्थेच्या डेटाबेस नियतकालिकाच्या अगदी पहिल्या अंकात ते सविस्तर छापून आलं. पण चौकटी आणि बाणांनी डेटाची रचना दाखवायची रीत चार्ल्स बाखमन यांनी १९६९ मध्येच मांडली होती, म्हणून काही जण मूळ तिथे शोधतात. तिसरी गोष्ट रेघेच्या टोकाला 'अनेक' दाखवणाऱ्या कावळ्याच्या पायासारख्या खुणेची, जी आज बहुतेक सॉफ्टवेअरात दिसते, ती साधारण १९७६ च्या सुमाराची आणि गॉर्डन एव्हरेस्ट यांच्या नावावर सांगितली जाते. बाखमन यांच्या आकृतीत नातं हा फक्त बाण आहे, चेन यांच्याकडे नात्याला स्वतःचा हिरा, स्वतःचे ऍट्रिब्यूट आणि दोनपेक्षा जास्त टोकं मिळाली, म्हणून चेन यांना जनक मानणं जास्त सयुक्तिक वाटतं. शाळेच्या बाबतीत सगळं घोडं नेमकं या जास्तीच्या टोकावरच अडतं.

तासगावकडची एखादी माध्यमिक शाळा धरू. नववीच्या अ आणि ब अशा दोन तुकड्या, प्रत्येकी ४० मुलं. अ ला गणित शिंदे सर शिकवतात, ब ला कदम मॅडम, आणि कदम मॅडम अ ला विज्ञानही शिकवतात, कारण गणित-विज्ञान एकाच शिक्षकाकडे असणं आपल्याकडे नेहमीचंच आहे. आता नवशिक्या माणूस तीन जोड्या काढतो : विद्यार्थी विषय घेतो, शिक्षक विषय शिकवतो, शिक्षक विद्यार्थ्याला शिकवतो. आकृती छान त्रिकोणी दिसते, एकही ओळ खोटी नाही, आणि तरी अ तुकडीतल्या साक्षीला गणित कोण शिकवतं हे त्यातून कळत नाही. साक्षीला गणित आहे, गणित शिंदे सर आणि कदम मॅडम दोघंही शिकवतात, आणि साक्षीला शिकवणाऱ्यांत दोघांचीही नावं आहेत, मॅडमचं नाव विज्ञानामुळे आलंय पण टेबलं जोडणाऱ्या जॉइनला ते कसं कळणार. म्हणून साक्षी, गणित, कदम मॅडम अशी कधीच न घडलेली ओळ तयार होते. रिलेशनल मॉडेल मांडणारे एडगर कॉड यांनी १९७० च्या त्याच लेखात अशा फसवणुकीला कनेक्शन ट्रॅप म्हटलंय. ओळखायची खूण सोपी : अ तुकडीची गणिताची यादी काढली तर ४० ओळी यायला हव्यात, इथे ८० येतात. मग बरेच जण क्वेरीत DISTINCT टाकून बघतात, त्याने काही होत नाही कारण ओळी दुबार नाहीत, चुकीच्या आहेत.

चेन यांच्या पद्धतीने तिन्ही चौकटी एकाच हिऱ्याला जोडायच्या. टोकावरचा आकडा वाचताना बाकीची दोन टोकं पक्की धरायची. विद्यार्थी आणि विषय ठरला की शिक्षक एकच, म्हणून शिक्षकाकडे १. विद्यार्थी आणि शिक्षक ठरला तरी विषय अनेक असू शकतात, म्हणून विषयाकडे N. शिक्षक आणि विषय ठरला तर विद्यार्थी अनेक, म्हणून तिथे M. फ्रेंच मेरीझ पद्धतीत हाच आकडा उलट्या बाजूने वाचतात, तिथे एक शिक्षक या नात्यात किती वेळा येतो ते लिहितात, त्यामुळे एका पुस्तकातली आकृती दुसऱ्याच्या नियमाने वाचली की अर्थच बदलतो.

पण कावळ्याच्या पायाच्या आकृतीत रेघ दोनच चौकटी जोडते, म्हणून तीन टोकांचं नातं मोडून मधे एक नवी एंटिटी घालावी लागते. बहुतेक जण इथे तुकडी घेतात : तुकडी, विषय आणि वर्ष ठरलं की शिक्षक ठरला. जिथे सगळी तुकडी सगळे विषय एकत्रच शिकते तिथे हे पुरेसं आहे. नववीला मात्र काही मुलं संपूर्ण हिंदी घेतात, काही हिंदी-संस्कृत संयुक्त, आणि संस्कृतच्या तासाला अ आणि ब ची मुलं एका खोलीत येऊन बसतात. तो वर्ग ना अ आहे ना ब. म्हणून तुकडीऐवजी गट ही एंटिटी धरणं बरं, म्हणजे एका वर्षी एका विषयासाठी एकत्र बसणारी मुलं, आणि विद्यार्थी व गट यांच्यामधे नोंदणी. तुकडी हजेरीपुरती वेगळी राहते.

हे करताना एक गोष्ट गुपचूप निसटते. हिऱ्यात शिक्षकाकडे जो १ होता तो नोंदणीत आपोआप येत नाही, साक्षीला गणिताच्या दोन गटांत घातलं तरी टेबल हरकत घेणार नाही. तो नियम परत आणायचा तर विषय आणि वर्ष नोंदणीतही न्यावं लागतं :

```sql
CREATE TABLE nondani (
  vidyarthi_id INTEGER REFERENCES vidyarthi(id),
  vishay_id    INTEGER,
  varsh        INTEGER,
  gat_id       INTEGER NOT NULL,
  PRIMARY KEY (vidyarthi_id, vishay_id, varsh),
  FOREIGN KEY (gat_id, vishay_id, varsh)
    REFERENCES gat (gat_id, vishay_id, varsh)
);
```

प्रायमरी कीमध्ये गट मुद्दाम नाही, त्यामुळे एका मुलाला एका वर्षी एका विषयाचा एकच गट मिळतो. फॉरेन की बघते की लिहिलेला विषय आणि वर्ष त्या गटाचंच आहे, त्यासाठी gat टेबलात त्या तीन कॉलमवर UNIQUE लागतं, नाहीतर बहुतेक डेटाबेस टेबलच बनवू देत नाहीत. विषय दोनदा लिहिला म्हणून काही परीक्षक गुण कापतात, पण इथे ती पुनरुक्ती कामाची आहे.

विद्यार्थ्याची की म्हणून हजेरी क्रमांक चालत नाही, तो दरवर्षी बदलतो. जनरल रजिस्टरचा नंबर टिकतो पण एका शाळेपुरताच, अनेक शाखांच्या संस्थेत, म्हणजे साताऱ्याच्या रयत शिक्षण संस्थेसारख्या पसाऱ्यात, त्याला शाळेचा ११ अंकी यू-डायस कोड जोडावा लागेल.

शिक्षक गटाच्या टेबलात थेट लिहिला तर वर्षाच्या मधेच बदली किंवा प्रसूती रजा आली की जुनं नाव पुसलं जातं आणि पहिल्या सत्राचे गुण कुणी दिले ते सापडत नाही. म्हणून नेमणूक अशी आणखी एक एंटिटी काढतात : गट, शिक्षक, कधीपासून, कधीपर्यंत. मग वरच्या १ चा अर्थ एका वेळी एक असा होतो, आणि दोन नेमणुकांच्या तारखा एकमेकींवर चढू नयेत हा नियम साध्या आकृतीत काढता येत नाही, तो शेजारी शब्दांत लिहून ठेवतात. गुण नोंदणीला जोडायचे, परीक्षा ही वेगळी एंटिटी धरून.