पत्र कुणाचं, यापेक्षा पत्रात काय

"सर, पीएचडीच्या अर्जाला कुलगुरूंचं शिफारसपत्र लागतं म्हणतात. माझ्या गाईड साध्या सहायक प्राध्यापक आहेत. काय करू?" – एमए भाषाविज्ञान, कोल्हापूर

गाईड मॅडमकडूनच घे. निवड करणारे प्राध्यापक पत्रात एकच गोष्ट शोधतात: या माणसानं विद्यार्थ्याला काम करताना पाहिलंय का? ज्यांनी पाहिलं नाही त्यांना "हुशार आणि कष्टाळू" यापलीकडे लिहिता येत नाही, आणि असं पत्र लगेच ओळखू येतं.

समजा, तू कोल्हापुरातल्या बायकांच्या बोलीवर प्रबंध केलास. इथं बाईही "मी आलो" म्हणते. "क्षेत्रकार्य उत्तम" हे वाक्य त्याबद्दल काहीच सांगत नाही. मॅडम असं लिहू शकतात: "प्रश्न विचारून मिळालेल्या उत्तरांत बायका सावधपणे 'मी आले' म्हणत होत्या. हे ध्यानात आल्यावर तिनं प्रश्नावली बाजूला ठेवली आणि परवानगी घेऊन घरगुती गप्पा ध्वनिमुद्रित केल्या. बोलीतला लिंगभेदच गेला, असा तिचा पहिला अंदाज होता. पण त्याच बायका 'ती आली' म्हणतात, हे तिनं स्वतः तपासलं आणि निष्कर्ष प्रथमपुरुषापुरता मर्यादित केला." क्षेत्रकार्य आणि विश्लेषण, दोन्ही इथं दिसतात. मला यातला चुकीचा अंदाज सर्वांत मोलाचा वाटतो. तो मॅडमना लपवू देऊ नकोस.

त्यांना महिनाभर आधी विचार. सोबत प्रबंधाचा सारांश आणि अशा दोन-तीन प्रसंगांची टिपणं दे, कारण त्यांना सगळं आठवेलच असं नाही.