दिवाळं काढलं की कर्ज माफ?

‘कोर्टात दिवाळखोरी जाहीर केली की पर्सनल लोन माफ होतं ना?’

नाही. सामान्य कर्जदाराला आजही जुनेच कायदे लागू आहेत: मुंबईत 1909 चा, हायकोर्टात, उर्वरित महाराष्ट्रात 1920 चा, जिल्हा न्यायालयात. आदेश झाला की अंगावरचे कपडे, धंद्याची अवजारं अशा मोजक्या वस्तू सोडून मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते. कर्जमुक्ती वेगळी मागावी लागते. लबाडीने घेतलेलं कर्ज तरीही सुटत नाही. आणि जामीनदार? तो अडकलेलाच राहतो, हे कुणी सांगत नाही.

त्यापेक्षा हप्ते थकायच्या आतच बँकेकडे मुदतवाढ मागा. तडजोड केलीत तर रक्कम लेखी घ्या. सिबिलवर मात्र ‘सेटल्ड’ शेरा पडतो, पुढचं कर्ज अवघड होतं.