सशर्त संभाव्यता (डेंग्यू चाचणीच्या उदाहरणासह)

एक गोष्ट घडली आहे हे कळल्यावर दुसरी गोष्ट खरी असण्याची जी संभाव्यता ठरते, तिला सशर्त संभाव्यता म्हणतात. चिन्हांत ती P(A|B) अशी लिहितात आणि ‘B घडले असता A ची संभाव्यता’ अशी वाचतात. तिची व्याख्या अशी आहे:

P(A|B) = P(A∩B) / P(B), जिथे P(B) > 0

इथे A∩B म्हणजे A आणि B दोन्ही घडणे. B घडले हे समजले की ज्या शक्यतांत B घडत नाही त्या सगळ्या हिशेबातून बाद होतात. उरलेल्या शक्यतांमध्ये A चा वाटा किती, एवढेच हे सूत्र विचारते. सूत्र सोपे आहे. घोटाळा होतो तो दिशेचा, कारण P(A|B) आणि P(B|A) या दोन वेगळ्या संख्या आहेत आणि बोलताना त्या सहज एक होऊन जातात. ‘डेंग्यू झालेल्या १०० जणांपैकी ८० जणांची चाचणी पॉझिटिव्ह येते’ हे वाक्य ऐकणारा बहुधा ‘पॉझिटिव्ह आलेल्या १०० जणांपैकी ८० जणांना डेंग्यू असतो’ असे धरून चालतो. पहिल्या वाक्यावरून दुसरे निघत नाही.

हा घोटाळा फक्त सामान्य माणसाचा नाही. १९७८ साली हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांतल्या ६० डॉक्टरांना आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारला गेला. रोग हजारात एकाला आहे आणि निरोगी माणसांतही चाचणी ५ टक्के वेळा पॉझिटिव्ह येते. तर पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला रोग असण्याची संभाव्यता किती? बरोबर उत्तर सुमारे २ टक्के आहे. ते ११ जणांनी दिले. सर्वांत जास्त जणांचे उत्तर ९५ टक्के होते.

दिशा उलटवण्याचा नियम थॉमस बेझ या इंग्रज पाद्र्याच्या नावाने ओळखला जातो. बेझ १७६१ मध्ये वारला. त्याचा निबंध रिचर्ड प्राइसने १७६३ मध्ये लोकांपुढे आणला. पुढे लाप्लासने १७७४ पासून हा विचार स्वतंत्रपणे आणि जास्त व्यापक रूपात मांडला. डेंग्यूसाठी D, डेंग्यू नसण्यासाठी N आणि पॉझिटिव्ह चाचणीसाठी + धरले तर नियम असा:

P(D|+) = P(+|D)·P(D) / [ P(+|D)·P(D) + P(+|N)·P(N) ]

यातील P(D) ही चाचणीआधीची संभाव्यता आणि P(D|+) ही चाचणीनंतरची. P(+|D) म्हणजे चाचणीची संवेदनशीलता. P(+|N) म्हणजे खोट्या पॉझिटिव्हचे प्रमाण, आणि ते १०० टक्क्यांतून वजा केले की विशिष्टता मिळते. संवेदनशीलता आणि विशिष्टता किटच्या माहितीपत्रकावर छापलेली असते. P(D) कुठेच छापलेली नसते. ती समोरचा माणूस, त्याची लक्षणे आणि कॅलेंडर पाहून ठरवावी लागते.

एकच पट्टी, दोन महिने

पुण्यात पावसाळा सुरू झाला की डेंग्यूचे रुग्ण वाढू लागतात आणि पाऊस ओसरल्यावरही काही आठवडे येत राहतात. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत बहुतेक ठिकाणी एनएस-१ ही विषाणूच्या प्रथिनाची चाचणी करतात. गल्लीतल्या लॅबमध्ये ती पट्टीच्या रॅपिड किटवर होते, मोठ्या ठिकाणी एलायझा पद्धतीने. पुढच्या हिशेबासाठी एका रॅपिड किटची संवेदनशीलता ८० टक्के आणि विशिष्टता ९८ टक्के मानू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. प्रत्यक्षात ते किटप्रमाणे बदलतात.

सप्टेंबरचा तिसरा आठवडा आहे. कोथरूडमधल्या दवाखान्यात दोन दिवसांचा सणसणीत ताप, डोळ्यांमागे ठणका आणि अंगदुखी घेऊन रुग्ण येतात. अशा रुग्णांपैकी ३० टक्क्यांना डेंग्यू आहे असे धरू. टक्केवारीपेक्षा माणसे मोजली की हिशेब डोळ्यांसमोर राहतो, म्हणून असे १००० रुग्ण घेऊ. त्यातल्या ३०० जणांना डेंग्यू आहे. त्यांपैकी २४० पॉझिटिव्ह येतील आणि ६० निसटतील. डेंग्यू नसलेल्या ७०० पैकी २ टक्के, म्हणजे १४, खोटे पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह २५४, त्यांत खरे २४०. म्हणजे चाचणीनंतरची संभाव्यता ९४ टक्क्यांच्या थोडी वर गेली.

आता तेच किट मार्चमध्ये वापरू. सर्दी, घसा धरलेला, अंगात कणकण, आणि ‘फीव्हर पॅनेल’मध्ये समाविष्ट आहे म्हणून एनएस-१ही झालेली. अशा १००० जणांत डेंग्यू १० जणांना आहे असे मानू. त्या दहांपैकी ८ पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या ९९० पैकी सुमारे २० खोटे पॉझिटिव्ह येतील. एकूण २८ पॉझिटिव्ह, त्यांत खरे ८, म्हणजे साधारण २९ टक्के. पट्टी तीच, रेघ तीच, रिपोर्टवरचा शब्दही तोच. पण सप्टेंबरात तो जवळपास निदान ठरतो आणि मार्चमध्ये पॉझिटिव्ह आलेल्या दहापैकी सात जणांना डेंग्यू नसतो. किटमध्ये काहीही बिघाड नाही. डेंग्यू नसलेली माणसे इतकी जास्त आहेत की त्यांचे दोन टक्केदेखील खऱ्या रुग्णांना मागे टाकतात.

निगेटिव्ह आल्यावर

सप्टेंबरच्या गटाकडे परत येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. निगेटिव्ह आलेल्यांत ६० जणांना डेंग्यू आहे आणि ६८६ जणांना नाही. म्हणजे निगेटिव्ह रिपोर्ट हातात असतानाही डेंग्यूची संभाव्यता ८ टक्के उरते. ३० वरून ८ वर येणे ही चांगली घसरण आहे, पण ‘डेंग्यू नाही’ असे म्हणण्याइतकी नाही. डेंग्यूतला धोक्याचा काळ बहुधा ताप उतरतानाच येतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आसपास. म्हणून या रुग्णाला पॅरासिटामॉलवरच ठेवणे, अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळणे आणि रक्ताची तपासणी पुन्हा करणे, हे ८ टक्क्यांनाही परवडते. आकडा किती कमी झाला की निश्चिंत व्हायचे, हे गणित सांगत नाही. चुकल्यास काय होईल त्यावर ते ठरते.

पुरावा एकामागून एक

पुरावे अनेक असतील तेव्हा दर वेळी हजार माणसे मोजणे कंटाळवाणे होते. तिथे गुणोत्तराची पद्धत सोयीची पडते. रोगाच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे प्रमाण घ्यायचे आणि ते चाचणीच्या ‘लाइकलिहूड रेशो’ने गुणायचे. पॉझिटिव्ह एनएस-१साठी हा रेशो म्हणजे संवेदनशीलता भागिले खोट्या पॉझिटिव्हचे प्रमाण, ८० भागिले २, म्हणजे ४०. मार्चमधल्या गटाचे आधीचे प्रमाण १ : ९९ होते, चाळिसाने गुणल्यावर ते ४० : ९९ झाले, आणि ४० भागिले १३९ म्हणजे तेच २९ टक्के.

सप्टेंबरच्या ज्या रुग्णाची एनएस-१ निगेटिव्ह आली, त्याचे प्रमाण आता ६० : ६८६ आहे. पहिल्या चाचणीनंतरची संभाव्यता हीच दुसऱ्या चाचणीआधीची संभाव्यता. सहाव्या दिवशी आयजीएम प्रतिपिंडांची चाचणी केली. तिची संवेदनशीलता ९० आणि विशिष्टता ९५ टक्के धरली, तर पॉझिटिव्हचा रेशो १८ येतो. नवे प्रमाण १०८० : ६८६, म्हणजे सुमारे ६१ टक्के. निगेटिव्ह आली असती तर रेशो निसटणाऱ्यांचे प्रमाण भागिले विशिष्टता, म्हणजे १० भागिले ९५ आला असता आणि संभाव्यता १ टक्क्याच्या आत गेली असती.

इथे दोन ठिकाणी हिशेब फसतो, आणि दोन्ही वेळा गुणाकार बिनचूक असूनही.

पहिली जागा विशिष्टतेची. आयजीएम प्रतिपिंडे साधारण पाचव्या दिवसापासून दिसू लागतात आणि पुढे दोन-तीन महिने राहू शकतात. म्हणून जुलैत होऊन गेलेला डेंग्यू सप्टेंबरच्या साध्या तापातही पॉझिटिव्ह दिसू शकतो. शिवाय झिका हा डेंग्यूच्याच कुळातला विषाणू असल्याने त्याची प्रतिपिंडे डेंग्यूच्या आयजीएम चाचणीत गोंधळ घालतात. पुणे जिल्ह्यात बेलसरला २०२१ मध्ये आणि पुणे शहरात २०२४ मध्ये झिकाचे रुग्ण सापडले. अशा परिस्थितीत विशिष्टता ८० टक्क्यांवर आली असे मानले, तर रेशो १८ वरून ४.५ होतो आणि तो ६१ टक्क्यांचा निष्कर्ष २८ टक्क्यांवर येतो. माहितीपत्रकावरची विशिष्टता ज्या लोकांवर मोजली गेली ते आपल्या रुग्णांसारखे आहेत का, हे म्हणूनच पाहावे लागते.

दुसरी जागा जास्त फसवी आहे. रेशो एकमेकांना गुणायचे, तर रोग आहे की नाही हे ठरल्यावर दोन चाचण्यांच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असाव्या लागतात. तीच रॅपिड पट्टी दुसऱ्या दिवशी पुन्हा केली आणि पुन्हा पॉझिटिव्ह आली, तर ४० गुणिले ४० म्हणजे १६०० असा रेशो लावता येत नाही. पहिल्या खोट्या पॉझिटिव्हचे कारण त्या माणसाच्या रक्तातच असेल, तर ते दुसऱ्या दिवशीही तिथेच असते. निगेटिव्हचेही तसेच. ज्यांना पूर्वी डेंग्यू होऊन गेला आहे त्यांच्या रक्तातली जुनी प्रतिपिंडे एनएस-१ प्रथिनाला चिकटतात आणि चाचणीला ते सापडत नाही. याच दुसऱ्या संसर्गात आयजीएमही कमी किंवा उशिरा येते. म्हणजे दोन्ही चाचण्या नेमक्या त्याच रुग्णांत चुकतात, आणि वर आलेला ‘१ टक्क्याच्या आत’ हा आकडा त्यांच्या बाबतीत फार आशावादी ठरतो. दुसरा संसर्गच गंभीर होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून ही चूक महागात पडते.

एकच पुरावा दोनदा मोजणे ही याच चुकीची साधी आवृत्ती. ३० टक्के हा अंदाज बांधताना सप्टेंबर महिना आणि डोळ्यांमागचा ठणका आधीच धरलेला होता. पॉझिटिव्ह आल्यावर ‘शिवाय सीझनही आहे’ म्हणत संभाव्यता आणखी वर नेली, तर महिना दोनदा मोजला जातो. प्लेटलेट कमी दिसणे हाही पुरावा आहे, पण हलका. मलेरियात, स्क्रब टायफसमध्ये आणि इतर विषाणूजन्य तापांतही त्या उतरतात, त्यामुळे त्याचा रेशो लहान असतो.

सुरुवातीची संभाव्यता शून्य धरली, तर कितीही पॉझिटिव्ह रिपोर्ट आले तरी ती शून्यच राहते, कारण शून्याला कशानेही गुणले तरी शून्य. ‘उन्हाळ्यात डेंग्यू नसतोच’ असे ठरवून बसलेल्या डॉक्टरने चाचणी करणेही व्यर्थ. एक टक्का आणि शून्य यांतला फरक कागदावर नगण्य वाटतो, पण एक टक्क्याला पुरावा हलवू शकतो.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत डेंग्यूच्या आयजीएमसाठी मॅक-एलायझा किट तयार होते आणि ते देशभरातल्या सर्वेक्षण रुग्णालयांना पुरवले जाते. राष्ट्रीय कार्यक्रमात रॅपिड पट्टीवरचा पॉझिटिव्ह रुग्ण ‘संभाव्य’ मानतात आणि निश्चितीसाठी एलायझा लागते. ही एलायझादेखील तापाच्या दिवसावर अवलंबून असते. तिसऱ्या दिवशी केलेल्या आयजीएमची संवेदनशीलता ९० टक्क्यांच्या जवळपासही नसते, त्यामुळे निगेटिव्हचा रेशो एकाच्या जवळ जातो आणि त्या रिपोर्टने संभाव्यता फारशी हलत नाही. लॅबला नमुना पाठवताना चिठ्ठीवर ‘ताप कितवा दिवस’ हा रकाना कोरा राहिला, तर रिपोर्ट वाचणाऱ्याला कोणत्या रेशोने गुणायचे तेच कळत नाही.