नियोजित दान (उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा)

एखाद्या व्यक्तीने किंवा कुटुंबाने आपल्या उत्पन्नाचा आधीच ठरवलेला हिस्सा दानासाठी वेगळा काढणे आणि बचत, विमा, कर्जफेड यांच्याप्रमाणेच त्याला आर्थिक आराखड्यात स्वतंत्र स्थान देणे, याला नियोजित दान म्हणतात. समोर मागणी आली की खिशात हात घालण्याच्या सवयीपेक्षा ते वेगळे असते, कारण येथे रक्कम आधी ठरते आणि ती कोणाला द्यायची हा निर्णय नंतर होतो.

ही कल्पना जुनी आहे. ज्यू आणि ख्रिस्ती परंपरांत दशांश, म्हणजे दहावा भाग देण्याची रीत आहे. शीख परंपरेतील दसवंधाचे प्रमाणही तेच आहे. इस्लाममधील जकात मात्र उत्पन्नावर नव्हे, तर ‘निसाब’ या किमान मर्यादेपेक्षा अधिक असलेल्या आणि चांद्रवर्षभर टिकलेल्या संपत्तीवर प्रामुख्याने अडीच टक्के दराने आकारली जाते. दर किती, यापेक्षा तो कशावर लावायचा हा प्रश्न अधिक नाजूक असल्याचे या फरकातून दिसते. घरगुती आराखड्यात हा दर बहुधा कर वजा जाता हातात येणाऱ्या उत्पन्नावर लावणे सोयीचे ठरते. बचत करून उरलेल्या रकमेवर तो लावला, तर बचतीचे उद्दिष्ट वाढेल तसे दान शून्याकडे सरकते आणि ठरावीक हिस्सा केवळ नावापुरता उरतो. ज्यांच्यावर चढ्या व्याजाचे कर्ज आहे त्यांनी दर लहान ठेवून आधी कर्ज उतरवणे हिताचे असते.

उत्पन्न अनियमित असल्यास मागील तीन वर्षांच्या सरासरीवर हिस्सा ठरवण्याची पद्धत वरकरणी नेटकी वाटते, पण तिच्यात एक खोट आहे. समजा, तीन वर्षांचे उत्पन्न अनुक्रमे ९००, १५०० आणि १२०० एकक होते. सरासरी १२०० आणि तिचे पाच टक्के ६० होतात. चौथ्या वर्षी उत्पन्न ६०० वर घसरले, तर तेच ६० एकक थेट दहा टक्के होतात. म्हणून रक्कम हाती येईल तेव्हाच तिचे पाच टक्के वेगळ्या खात्यात टाकावेत आणि संस्थांना त्या खात्यातून संथ, समान हप्त्यांनी द्यावे. चढउतार खाते सोसते, संस्थेला ते जाणवत नाहीत.

सर्वांत जास्त गोंधळ नातेवाइकांना दिलेल्या मदतीबाबत होतो. आईवडिलांचा नियमित औषधखर्च हे दान की कर्तव्य? जकातीच्या नियमांत आईवडील, मुले अशा ज्यांच्या पोषणाची जबाबदारी देणाऱ्यावरच असते त्यांना जकात देता येत नाही. गरजू भावंडांना मात्र देता येते. घरगुती हिशेबालाही ही रेषा उपयोगी पडते. जो खर्च टाळता येत नाही आणि दर महिन्याला येतो तो घरखर्चात धरावा. जो प्रसंगाने उद्भवतो तो दानाच्या हिश्श्यात. करसवलतीचा मुद्दा निराळा आहे, कारण ती जिथे असते तिथे बहुधा मान्यताप्राप्त संस्थांना दिलेल्या देणगीवरच मिळते, आप्तांना दिलेल्या पैशांवर नाही.

दरमहा १०० एकक मिळवणाऱ्या एका कुटुंबाने पाच एकक दानासाठी ठेवले, असे धरू. त्यांपैकी तीन संस्थांना, एक आप्तांसाठी आणि एक अनपेक्षित मागण्यांसाठी. सातव्या महिन्याच्या अखेरीस बहिणीच्या उपचारांसाठी २० एकक लागले. तोवर शेवटच्या दोन भागांत प्रत्येकी सात, म्हणजे १४ जमा होते. उरलेले सहा कुटुंबाने आपत्कालीन निधीतून उचलले आणि आठव्या ते दहाव्या महिन्यांत त्याच दोन भागांतून दरमहा दोन याप्रमाणे परत भरले. संस्थांचे वर्षाचे ३६ एकक अबाधित राहिले, आणि बहिणीला दिलेले पैसे देणगी होते की उसने, हेही त्याच दिवशी वहीत लिहिले गेले. ही शेवटची नोंद अनेक घरांत राहून जाते. पुढे परतफेडीची अपेक्षा एका बाजूला असते, तर दुसऱ्या बाजूला तिचा पत्ताही नसतो.

आराखडा बिघडल्याची चिन्हे खात्याच्या शिलकेतच दिसतात. वर्षभराच्या हिश्श्यापेक्षा जास्त रक्कम साचून राहिली असेल, तर पैसे वेगळे काढले जात आहेत, दिले जात नाहीत, असे समजावे. उलट आप्तांचा भाग सलग दोन-तीन वर्षे अपुरा पडत असेल, तर ती मदत प्रासंगिक राहिलेली नाही. तिला घरखर्चात हलवून उरलेल्या उत्पन्नाला कोणता दर झेपतो, ते पुन्हा ठरवावे लागते. पतिपत्नी दोघेही कमावते असल्यास हा दर एकत्रित उत्पन्नावर असेल की ज्याच्या-त्याच्या, आणि किती रकमेपर्यंत एकाने दुसऱ्याला न विचारता द्यावे, हे त्याच वेळी लिहून ठेवतात.